साठ घरांची टोपली

बुधवारी सकाळी नाशिकला गंगेवर जा. गोदावरीला इथे सगळे गंगाच म्हणतात. घाटावरच्या बाजारात मखमलाबाद, गिरणारे, दिंडोरीकडून आलेल्या बाया गोणपाटावर भाजी मांडून बसलेल्या दिसतील. मेथीच्या मुळांना माती तशीच असते. वांगं हातात घेतलं तर देठाचा काटा टोचतो. मध्ये दलाल नसतो, गाळा नसतो. मुंबईच्या माणसाला जे पैसे मोजूनही मिळत नाही, ते नाशिककराला सायकलवर जाऊन मिळतं.

म्हणून शेतकऱ्याकडून थेट आणलेल्या सेंद्रिय भाजीची टोपली दर आठवड्याला घरपोच देण्याचा धंदा नाशिकमध्ये उभा करायला निघालेल्याला पहिला प्रश्न टोचतो तो या बाजाराचाच. मुंबईत ‘ताजी’ हा एकच शब्द पुरतो. इथे तो पुरत नाही, कारण शेत शहरापासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे आणि बाजारातली भाजीही फार शिळी नसते. २०२० च्या टाळेबंदीत मोहाडीच्या सह्याद्री फार्म्सने फळं-भाजीच्या टोपल्या थेट सोसायट्यांच्या दारात पोचवल्या. बाजार बंद असताना त्यांना मागणी होती यात नवल नाही. बाजार उघडा असतानाही माणूस टोपली का घेईल, हा खरा प्रश्न आहे.

माझ्या मते त्याचं उत्तर शेतात, पेरणीच्या वेळी ठरतं. घाटावरची बाई काल जे निघालं ते आज विकते. टोपलीवाल्याला दोन महिन्यांनंतरच्या शुक्रवारी साठ घरांत काय शिजेल हे आज ठरवावं लागतं. बाकीचं सगळं, म्हणजे दर, ताजेपणा आणि गिऱ्हाईक टिकणं, त्यामागून येतं.

मेथीचंच बघा. पेरल्यापासून पंचवीस ते तीस दिवसांत ती काढणीला येते आणि काढणीची वेळ जेमतेम चार-पाच दिवस टिकते. त्यानंतर पान राठ होतं, तुरा येतो. नेहमीचा शेतकरी दहा-वीस गुंठे एकदम पेरतो, एका दिवशी मजूर लावून सगळी उपटतो आणि संध्याकाळच्या लिलावाला बाजार समितीत नेतो. तिथे भाव निघतो तो शंभर जुड्यांचा. मजूर एकदा, गाडी एकदा, पैसे एकदा. त्याच्या दृष्टीने हे अगदी शहाणपणाचं आहे.

टोपलीला मात्र आठवड्याला साठच जुड्या हव्या असतात आणि त्याही दर आठवड्याला. एका गुंठ्यात शंभराच्या वर जुड्या सहज निघतात, म्हणजे अर्धा-पाऊण गुंठा पुरे. शेतकऱ्याला सांगायचं असतं ते हे, की वीस गुंठे मेथी नको, दर सात दिवसांनी एक वाफा पेर. ऐकायला सोपं आहे, करायला त्रासाचं. दर आठवड्याला वाफा भुसभुशीत करायचा, बी टाकायचं, वेगळं पाणी द्यायचं. एखादा आठवडा लग्नकार्यात गेला, की चार आठवड्यांनी टोपलीत भगदाड पडतं आणि तोवर त्याचं कारण कुणाला आठवतही नसतं. त्यासाठी टोपलीवाल्याच्या भिंतीवर पेरणीचं कॅलेंडर लागतं. मेथी तीस दिवस, कोथिंबीर चाळीस, मुळा चाळीस-पंचेचाळीस, भेंडी पंचेचाळीस-पन्नास आणि पुढे दोन महिने दिवसाआड तोडा, कोबी लागणीनंतर अडीच-तीन महिने. आज काय पेरलं नाही हे ज्याला दिसतं, त्याला पुढच्या महिन्यात फोनवर माफी मागत बसावं लागत नाही.

शेतकरी किती असावेत? हौशी माणूस पंधरा-वीस जणांची यादी करतो. मी पाचवर थांबेन. आठवड्याला शेतकऱ्यांना मिळून अठरा हजार रुपये जात असतील, तर पाच जणांत ते प्रत्येकी छत्तीसशे होतात. त्यासाठी माणूस दर आठवड्याला वाफा पेरेल. तेच वीस जणांत नऊशे-नऊशे झाले, की टोपली म्हणजे उरलंसुरलं खपवायची जागा होते.

हे पाच जण कुठले, हेही महत्त्वाचं आहे. नाशिक जिल्ह्यात पाऊस दोन टोकांचा पडतो. इगतपुरीकडे तीन हजार मिलिमीटरच्या वर आणि सिन्नरच्या पूर्वेला पाचशे-सहाशे. गिरणारे-त्र्यंबक पट्ट्यात जुलैत वाफ्यात पाणी साचतं आणि पालेभाजी पिवळी पडून कुजते. त्याच आठवड्यात सिन्नरकडे पेरणीजोगी वाफ असते. उलट एप्रिलमध्ये सिन्नरची विहीर तळ गाठते आणि गंगापूर धरणाच्या आसपास पाणी शिल्लक असतं. म्हणून तीन जण पश्चिमेचे आणि दोन सिन्नरकडचे. पावसाळ्याच्या तोंडाशी पेठ-सुरगाण्याच्या आदिवासी पाड्यांतून करटोली, कुर्डू, फोडशी अशा रानभाज्याही आणता येतात. त्यांना कुणी फवारलेलं नसतं, कारण त्या कुणी पेरलेल्याच नसतात.

आता ‘सेंद्रिय’ या शब्दाकडे येऊ. नाशिकमध्ये या शब्दाचा मोठा शत्रू शेजारची द्राक्षबाग आहे. छाटणीनंतर डाऊनी आणि भुरीच्या भीतीने तिथे फवारणीचा ब्लोअर सारखा फिरत असतो आणि वाऱ्यावर ते औषध बांध ओलांडतं. आपल्या माणसाने स्वतः एक थेंब मारला नसेल, तरी त्याच्या पालकावर ते सापडू शकतं. म्हणून शेत बघायला गेल्यावर आधी पिकाकडे न बघता बांधाकडे बघावं. बागेच्या बाजूला मका, शेवरी किंवा हत्तीगवताची दाट उंच पट्टी आहे का? बागेलगतच्या चार-पाच ओळी तो वेगळ्या काढून बाजारात देतो का?

दुसरी तपासणी शेणाची. गाय दिवसाला साधारण दहा किलो शेण देते. जीवामृताच्या दोनशे लिटरच्या एका पिंपालाच दहा किलो शेण लागतं, आणि शेणखत एकरी टनांनी. गोठ्यात एक म्हैस, खत विकत घेतल्याची एकही पावती नाही आणि पाच एकर हिरवीगार भाजी, असा हिशेब दिसला तर तो जुळत नाही हे कळायला प्रयोगशाळा लागत नाही. तसंच ऑगस्टमध्ये साठच्या साठ गड्डे कोबी एकही भोक न पडता आले, तर आनंद मानण्याआधी शेतावर चक्कर मारावी.

कागदाची बाजूही असते. २०१७ च्या अन्नसुरक्षा नियमांप्रमाणे ‘सेंद्रिय’ म्हणून माल विकायला एनपीओपी किंवा पीजीएस यांपैकी एका पद्धतीचं प्रमाणपत्र लागतं. शेतकरी स्वतः थेट खाणाऱ्याला विकत असेल तर सवलत आहे. पण टोपलीवाला शेतकरी नसतो. तेव्हा शेतकऱ्यांनी आपापल्या गावात पीजीएसचा गट केलेला बरा. त्याला किमान पाच जण लागतात, ते एकमेकांची शेतं तपासतात आणि खर्च किरकोळ असतो. शेजाऱ्याने शेजाऱ्याला तपासायचं यात भिडस्तपणाचा धोका आहे, हे मान्य. त्यावर उपाय म्हणजे वर्षातून दोनदा न कळवता स्वतः उचललेला नमुना मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत पाठवणं आणि त्याचा निकाल, जसा असेल तसा, टोपलीत घालणं. नव्याने वळलेल्या शेताला मोसमी पिकांसाठी साधारण दोन वर्षं रूपांतराची धरतात. तोवर त्या भाजीवर ‘रूपांतराखालील’ असंच लिहायचं.

दराचा पेच समजून घ्यायला २०२३ चा टोमॅटो पुरेसा आहे. त्या जुलैत पिंपळगाव-नाशिककडे वीस किलोची जाळी दोन हजारांच्या आसपास गेली. म्हणजे किलोला शंभर. सप्टेंबरात तीच जाळी नव्वद रुपयांवर आली, म्हणजे किलोला साडेचार. अवघ्या काही आठवड्यांचं अंतर. आता समजा, टोपलीवाल्याने हंगामाच्या सुरुवातीला शेतकऱ्याशी किलोला पंचवीस रुपये ठरवले होते. साठ घरांना अर्धा-अर्धा किलो, म्हणजे आठवड्याला तीस किलो.

सप्टेंबरात शेतकरी खूश. साडेचारच्या जागी पंचवीस, म्हणजे आठवड्याला सहाशे पंधरा रुपये जास्त. गिऱ्हाईक मात्र रस्त्यावर दहा रुपये किलोचा ढीग बघून तोंड वाकडं करतं. जुलैत उलटं. गिऱ्हाईक खूश आणि शेतकऱ्याचं आठवड्याला साडेबावीसशेचं नुकसान. त्या आठवड्यात त्याचा फोन लागत नाही, किंवा ‘माल कमी निघाला’ असं कळतं. त्याला बेईमान म्हणण्यात अर्थ नाही. ज्याने बाजारात कित्येकदा मातीमोल भावाने विकलं, त्याला एकदा मिळालेले शंभर रुपये सोड म्हणणारे आपण कोण?

यावर मला पटलेली तोड अशी. ठरलेल्या भावाखाली दर कधीच जायचा नाही. बाजारभाव ठरलेल्याच्या दुपटीवर गेला, तर फरकाचा अर्धा वाटा शेतकऱ्याला द्यायचा. वरच्या उदाहरणात फरक पंचाहत्तर, त्याचा अर्धा साडेसदतीस, म्हणजे दर साडेबासष्ट. पण टोपलीची किंमत वाढवायची नाही. त्या आठवड्यात अर्ध्याऐवजी पाव किलोच टोमॅटो द्यायचा. पाव किलोला साधारण साडेपंधरा रुपये पडतात, एरवी अर्ध्या किलोला साडेबारा. प्रत्येक टोपलीमागे तीन रुपयांचा फरक, तो धंद्याने सोसायचा. उरलेला पंधरा किलो शेतकरी बाजारात शंभरने विकतो. सगळ्यांना थोडं-थोडं चिमटतं, पण कुणी पळून जात नाही. टोपलीत त्या दिवशी एक चिठ्ठी हवी: बाजारात भाव काय आहे, आपण शेतकऱ्याला किती दिले, म्हणून टोमॅटो पाव किलो. ही चिठ्ठी वाचणारं घर सप्टेंबरातला ढीग बघूनही सहसा चिडत नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. टोपली टोमॅटोच्या प्लॉटला पुरी पडत नाही. दहा गुंठ्यांतून ऐन भरात आठवड्याला दोन-तीनशे किलो माल निघतो आणि त्यातला टोपलीला जातो तीस. बाकीचा बाजार समितीतच जाणार, तोही सेंद्रिय असूनसुद्धा इतरांच्याच भावाने. म्हणून ‘सगळा माल मलाच द्या’ असं म्हणणारा टोपलीवाला फसवा समजावा, किंवा भाबडा. शेतकऱ्याला मोकळीक आता कायद्यानेही आहे. २०१६ च्या जुलैत राज्याने फळं-भाजीपाला बाजार समितीच्या बंधनातून मोकळा केला. त्यामुळे बांधावरून थेट उचलायला आडकाठी उरली नाही.

मग टोपलीची किंमत कशी बसते? समजा साडेपाच किलोची, सात-आठ प्रकारांची टोपली साडेपाचशेला दिली. त्यातले तीनशे शेतकऱ्यांचे. शेतावरून आणायला पस्तीस, निवडणं-बांधणं साठ, घरपोच पन्नास. खराब निघालेल्याची तूट तीस, कागद-जाळी-बँकेचा खर्च पंधरा. उरले साठ, त्यात फोन उचलणाऱ्याचा पगार आणि धंद्याचा जीव. यातला पस्तीसचा आकडा लबाड आहे. गाडीची फेरी एकवीसशेला पडते, मग घरं साठ असोत की पस्तीस. पस्तीस घरं उरली की तोच आकडा साठ होतो, आणि धंद्याच्या वाट्याचे साठ पस्तिसांवर येतात. म्हणून गिऱ्हाईक टिकणं हा दराचाच भाग आहे.

पण आधी ताजेपणा. मुळांसकट उपटलेली मेथी मरत नाही, ती श्वास घेत राहते. उष्णता दहा अंशांनी वाढली की हा श्वास साधारण दुप्पट होतो आणि पानातलं पाणी उडतं. पालेभाजीने तीन-चार टक्के वजन गमावलं की ती डोळ्यांना मलूल दिसते. हे स्वयंपाकघरातल्या काट्यावर मोजता येतं. शेतावर अडीचशे ग्रॅम भरलेली जुडी शेडमध्ये दोनशे चाळीस भरली, तर वाटेत कुठे तरी ती उन्हात पडली होती. कुठे ते शोधायचं. बहुधा बांधावर, गाडीची वाट बघताना.

बाजाराची मेथी दुपारी उपटतात, संध्याकाळी लिलाव होतो आणि हातगाडीवर ती दुसऱ्या दिवशी येते. पाणी मारून मारून तिला उभी ठेवलेली असते. टोपलीची पालेभाजी शुक्रवारी पहाटे सहा ते आठमध्ये, पानात रात्रीचं पाणी भरलेलं असताना काढायची, सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवायची, दहाला शेडमध्ये आणि संध्याकाळी पाचच्या आत घरी. भेंडी, दोडका, गिलकं, वांगी गुरुवारी संध्याकाळी तोडली तरी चालतात. भेंडी ओली करायची नाही, काळी पडते. मुळ्याचा पाला शेडमध्येच वेगळा करायचा, कारण पाला मुळ्यातलं पाणी ओढून घेतो. टोमॅटो पिकताना जो वायू सोडतो त्याने पालक पिवळा पडतो, म्हणून दोघांना एका पिशवीत कोंबायचं नाही. तळाला भोपळा, कांदे-बटाटे. मध्ये वांगी-भेंडी. वर कोऱ्या खाकी कागदात पालेभाजी. वर्तमानपत्राची शाई भाजीला लागू नये.

शीतगृहाचा खर्च साठ घरांना परवडत नाही आणि त्याची तेवढी गरजही नाही. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने १९८० च्या दशकात विटा-वाळूचा शून्य ऊर्जा शीतकक्ष बसवून दाखवला. विटांच्या दोन भिंती, मध्ये साडेसात सेंटिमीटर वाळू, तिला सकाळ-संध्याकाळ पाणी. नाशिकच्या एप्रिलमधल्या कोरड्या हवेत आत बाहेरपेक्षा दहा-बारा अंश थंड राहू शकतं. जुलैत मात्र त्याचा काही उपयोग नाही. हवाच ओली असते, तेव्हा वाळूतलं पाणी उडणार कुठे? त्या महिन्यांत पाणी मारणं बंद, भाजी पंख्याखाली सुकी करून बांधणं सुरू. पावसाळ्यात धुऊन पाठवलेली कोथिंबीर शनिवारपर्यंत काळी चिकट होते. हा धडा जवळजवळ प्रत्येक टोपलीवाला एकदा तरी शिकतो.

आता टिकण्याचं. महिन्याला शंभरातली पाच घरं सुटणं फारसं जाणवत नाही. पण त्याच गतीने वर्षभरात साठांची बत्तीस होतात, आणि आठ सुटली तर बाविसांवर येतात. सोडून जाणारे विचारल्यावर ‘महाग पडते’ म्हणतात. ते सभ्य कारण असतं. त्यांच्या फ्रिजमध्ये डोकावलं तर खरं कारण दिसतं: दोन दुधी, एक अर्धा आणि एक अख्खा. तिसऱ्या आठवड्यात दुधी आला की घरात वाद होतो आणि चौथ्या आठवड्यात टोपली बंद होते.

त्यामुळे भाजीचा फेर हा टोपलीचा कणा आहे. वेलवर्गातली एकच भाजी सलग दोन आठवड्यांपेक्षा जास्त नको. यादी आधी जावी आणि सोमवारी रात्रीपर्यंत दोन भाज्या बदलून मागायची सोय असावी. त्याच वेळेपर्यंत कळवलं तर तो आठवडा सोडता यावा. सोमवारच का, तर गुरुवारी किती तोडायचं हे शेतकऱ्याला मंगळवारी कळलं पाहिजे. पैसे चार आठवड्यांचे आगाऊ घ्यावेत. त्यात गिऱ्हाईक बांधलं जातं हे खरं, पण शेतकऱ्याला बियाण्याला उचल देता येते हेही खरं. जपानमध्ये १९७० च्या दशकात गृहिणींनी शेतकऱ्यांशी जे थेट करार सुरू केले, त्यांतही शेताचा धोका थोडा खाणाऱ्यानेही वाटून घ्यावा अशीच कल्पना होती.

आणि पंचांग. परदेशी टोपल्यांच्या पुस्तकांत हे सापडणार नाही. चातुर्मासात अनेक घरांत कांदा-लसूण आणि वांगं बंद असतं. तेव्हा श्रावणात वांगी घालणारा टोपलीवाला शेजारणीला फुकट वांगी वाटतो, दुसरं काही नाही. तीच वांगी चंपाषष्ठीला भरितासाठी हवी असतात आणि लागणीचा हिशेब त्या दिवसापासून मागे मोजायचा. भाद्रपदात ऋषिपंचमीला अळू, लाल माठ, भोपळा, पडवळ, मक्याचं कणीस एकाच दिवशी लागतं, प्रत्येक थोडं थोडं. बाजारात त्या सकाळी झुंबड असते. ऋषीच्या भाजीचं सगळं सामान आदल्या दिवशी एका टोपलीत आलं, तर त्या घरची आजी पुढचे सहा महिने टोपली सोडू देत नाही. भोगीला वालपापडी, हरभऱ्याचे घाटे, गाजर, वांगी, बोरं यांचंही तेच.

मे महिन्याचा मात्र काही इलाज नाही. विहिरी आटलेल्या, पालेभाजी एका दिवसात फुलोऱ्यावर येते, शेतात गवार-भेंडीशिवाय फारसं काही नाही. शिवाय निम्मी घरं गावी किंवा लग्नांना गेलेली. काही टोपलीवाले या महिन्यात बाजार समितीतून भाजी उचलून टोपली भरतात. कुणी विचारत नाही, पण सिन्नरकडचा शेतकरी विचारतो, कारण आपल्या शेतात कोबी नाही हे त्याला ठाऊक असतं आणि टोपलीत कोबी आहे हे त्याच्या शहरातल्या मेहुणीने त्याला सांगितलेलं असतं. त्यापेक्षा मेच्या दुसऱ्या आठवड्यापासून जूनअखेरपर्यंत टोपली बंद ठेवावी, हे गुढीपाडव्यालाच सांगून टाकावं आणि त्या सहा-सात आठवड्यांत पाचही शेतांवर बसून पावसाळ्याचं कॅलेंडर भरावं. जुलैच्या पहिल्या शुक्रवारी किती घरं परत आली, ते मोजावं. करटोली, तांदुळजा आणि उन्हाळ्यात साठवलेले कांदे घालून पहिली टोपली जाते. मेथी तिच्यात नसते. ती यायला अजून तीन आठवडे असतात, सिन्नरकडच्या वाफ्यात नुकती दोन पानांवर असते.